की-कार्ड चुकीच्या हाती पडल्याची तक्रार पुन्हा पुन्हा का येते? फ्रंट डेस्कवरील ओळख-पडताळणीतील दोष आणि त्यांची दुरुस्ती

तक्रारीचे स्वरूप बहुतेक हॉटेलांत सारखेच असते. पाहुणा खोलीत असताना बाहेरून कोणीतरी कार्ड लावून दार उघडते, आत माणूस पाहून गडबडते आणि माफी मागून निघून जाते. किंवा पाहुण्याचा ठावठिकाणा माहीत असायला नको अशी एखादी व्यक्ती थेट दाराशी येऊन उभी राहते आणि खोलीचा क्रमांक तिला कोणी दिला हे कोणालाच सांगता येत नाही. व्यवस्थापन चौकशी करते, कार्ड देणाऱ्या कर्मचाऱ्याला समज देते, ‘ओळखपत्र पाहिल्याशिवाय कार्ड देऊ नये’ अशी सूचना काउंटरच्या मागे चिकटवते, आणि काही आठवड्यांनी दुसऱ्याच शिफ्टमध्ये तेच घडते. वास्तविक ही सूचना आधीपासूनच होती आणि ती सर्वांना पाठही होती. त्यामुळे अशा वेळी ‘सूचना का पाळली नाही’ या प्रश्नापेक्षा ‘त्या क्षणी ती न पाळणेच कर्मचाऱ्याला स्वाभाविक का वाटले’ हा प्रश्न विचारला, तरच दोष सापडतो.

तो कसा सापडतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण तपशिलात घेऊ. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातील प्रत्येक पायरी फ्रंट डेस्कवर काम केलेल्यांच्या ओळखीची असेल.

एका परिषदेसाठी मोठा गट उतरलेला आहे. ६१४ मध्ये एक महिला एकट्या आहेत आणि ६४१ मध्ये त्याच आडनावाचे, त्याच गटातील एक गृहस्थ आहेत. दोघांची एकमेकांशी ओळखही नाही. संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी हे गृहस्थ काउंटरवर येतात आणि ‘६१४, कार्ड खोलीतच राहिले’ असे सांगतात. आकड्यांची अदलाबदल त्यांच्या लक्षात आलेली नाही. रिसेप्शनिस्ट स्क्रीनवर ६१४ उघडून आडनाव विचारतो; ते जुळते, गटाचे नावही जुळते. रांगेत आणखी चार जण उभे आहेत. तो नवे कार्ड एन्कोड करून हसतमुखाने देतो. ७ वाजून ४६ मिनिटांनी ६१४ चे दार उघडते. खोली रिकामी असते. गृहस्थ फोनवर बोलत बोलत हातातील फाइल टेबलावर ठेवतात, मग समोरचे सामान आपले नाही हे लक्षात येऊन बाहेर पडतात आणि खाली येऊन ‘माझी खोली ६४१ आहे’ असे दुसऱ्या रिसेप्शनिस्टला सांगतात. त्यांना ६४१ चे कार्ड मिळते. पहिले कार्ड खिशातच राहते आणि घडलेल्या प्रकाराची नोंद कुठेही होत नाही.

नऊच्या सुमारास ६१४ मधील पाहुण्या जेवून परततात, कार्ड लावतात, लाल दिवा लागतो. त्या खाली येतात. रिसेप्शनिस्ट सवयीप्रमाणे ‘मोबाइलजवळ ठेवले असेल, त्याने कार्ड बिघडते’ असे म्हणून त्यांना आणखी एक नवे कार्ड करून देतो. त्यांचेही ओळखपत्र तो पाहत नाही, कारण त्या खऱ्या आहेत हे त्याला उघड दिसते आहे. खोलीत गेल्यावर त्यांना टेबलावर अनोळखी फाइल दिसते आणि तक्रार येते.

आधी नोंदी वाचाव्यात, माणसांना नंतर विचारावे

अशा तक्रारीत पहिल्या तासाभरात दोन नोंदी काढून शेजारी शेजारी ठेवाव्यात. एन्कोडरची नोंद कोणत्या लॉगिनने, किती वाजता, कोणत्या खोलीसाठी आणि कोणत्या प्रकारचे कार्ड तयार केले ते सांगते. कुलपाची नोंद हातात धरण्याच्या यंत्राने प्रत्यक्ष दारावर जाऊन वाचावी लागते, आणि ते दार कोणत्या कार्डाने केव्हा उघडले ते त्यातून कळते. काही कुलपे नाकारलेल्या कार्डाचीही नोंद ठेवतात. मात्र कुलपाच्या स्मृतीत ठरावीक संख्येइतक्याच नोंदी मावतात आणि नव्या नोंदी जुन्यांवर चढतात, म्हणून हे काम दुसऱ्या दिवशीच्या बैठकीवर ढकलू नये. शिवाय कुलपातले घड्याळ काही मिनिटे पुढेमागे असू शकते. वाचताना यंत्रावरची वेळ आणि कुलपाची वेळ यांतील फरक टिपून ठेवला नाही, तर ७.४६ चा प्रवेश आणि ७.४० चे कार्ड यांची सांगड घालताना घोळ होतो.

वरील उदाहरणात एन्कोडरच्या नोंदीत ६१४ साठी संध्याकाळी एक आणि रात्री एक अशी दोन नवी कार्डे दिसतील. त्यांपैकी पहिले कार्ड त्या खोलीतील पाहुणीने मागितलेलेच नव्हते. एवढे कळले की पुढची चौकशी सरळ होते. ती हाउसकीपिंगवर संशय घेऊन सुरू करावी लागत नाही. अशा तक्रारीत पहिला संशय बहुधा त्यांच्यावरच येतो आणि तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

कार्ड ‘बंद पडले’ ही तक्रार म्हणजेच धोक्याची सूचना

या उदाहरणात प्रकार रात्री नऊ वाजताच पकडता आला असता. ते का साधले नाही हे समजण्यासाठी कुलूप कसे चालते हे थोडे पाहावे लागेल. पुष्कळ हॉटेलांमध्ये दाराचे कुलूप कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते. एन्कोडरवर ‘नवे कार्ड’ केले की त्या कार्डात आधीच्यापेक्षा पुढचा क्रम लिहिला जातो. ते कार्ड दाराला प्रथम लागते तेव्हा कुलूप तो क्रम पाहून स्वतःची नोंद पुढे सरकवते आणि त्या क्षणापासून आधीची सर्व पाहुणा-कार्डे त्या दारावर निकामी होतात. ‘दुसरी प्रत’ केली, तर क्रम तोच राहतो आणि दोन्ही कार्डे चालतात.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही रिसेप्शनवर फारशा सांगितल्या जात नाहीत. पहिली म्हणजे, कार्ड हरवल्याची तक्रार आल्यावर काउंटरवर नवे कार्ड करून दिले म्हणजे जुने रद्द झाले असे नव्हे. नवे कार्ड दाराला लागेपर्यंत जुने चालूच असते. पाहुणा नवे कार्ड घेऊन जेवायला गेला, तर तेवढा वेळ हरवलेले कार्ड ज्याच्या हाती असेल त्याला दार उघडता येते. म्हणून कार्ड हरवले असेल, विशेषतः खोली-क्रमांक लिहिलेल्या पाकिटासह हरवले असेल, तर नवे कार्ड ताबडतोब कोणीतरी दाराला लावून यायलाच हवे. पाहुणा जात नसेल तर त्याच्या संमतीने कर्मचाऱ्याने जावे. पाकीटही गेले असेल, तर खोली बदलून देणे अधिक बरे.

दुसरी गोष्ट अशी की, खऱ्या पाहुण्याचे चालू कार्ड मध्येच बंद पडले, तर कोणीतरी त्या खोलीचे नवे कार्ड करून ते वापरले आहे, ही शक्यता आधी तपासायला हवी. कार्ड न चालण्याची निरुपद्रवी कारणे अर्थातच आहेत. चुंबकीय पट्टीचे कार्ड चुंबकाजवळ राहून पुसले जाते. मुक्काम वाढवला, पण कार्डावरची मुदत वाढवली नाही, तर ठरलेल्या चेक-आउटच्या वेळी ते थांबते. कुलपाची बॅटरी उतरली की कोणतेच कार्ड धड चालत नाही. ही कारणे ओळखता येतात. कार्ड एन्कोडरवर ठेवून ‘वाचा’ हा पर्याय वापरला, तर पुसलेले कार्ड वाचले जात नाही आणि मुदत संपलेल्या कार्डावर तारीख दिसते. कार्ड नीट वाचले जाते, खोली बरोबर आहे, मुदत शिल्लक आहे आणि तरीही दार उघडत नाही, असे असेल तर त्या खोलीची कार्ड-नोंद उघडावी आणि शेवटचे कार्ड केव्हा दिले ते पाहून पाहुण्याला विचारावे: ‘आज आपण किंवा आपल्यासोबतच्या कोणी दुसरे कार्ड घेतले होते का?’ उत्तर ‘नाही’ असे आले, तर तेथेच थांबून ड्यूटी मॅनेजरला बोलवावे आणि पाहुण्याला एकटे वर पाठवू नये. या तपासणीला मिनिटभरही लागत नाही. नऊ वाजता ती झाली असती, तर ६१४ मधील पाहुणीला ती फाइल अनपेक्षितपणे पाहावी लागली नसती, आणि आत कोणी थांबलेले असते तर त्याच्याशी तिची गाठही पडली नसती.

मूळ दोष: पडताळणीचा प्रश्नच चुकीचा

आता ७.४० च्या प्रसंगाकडे येऊ. रिसेप्शनिस्टने काहीच तपासले नाही असे म्हणता येणार नाही. त्याने खोली-क्रमांक आणि आडनाव जुळवले. अडचण अशी आहे की या दोन्ही गोष्टी त्रयस्थाला सहज ठाऊक असतात. क्रमांक चेक-इनच्या वेळी मोठ्याने उच्चारला जातो, कार्डाच्या पाकिटावर लिहिलेला असतो, नाश्त्याच्या दारात विचारला जातो, बिलावर सही करताना शेजारच्याला दिसतो. आणि आडनाव तर परिषदेच्या बिल्ल्यावर छातीशीच लटकत असते. म्हणून खोली-क्रमांक आणि नाव हे केवळ कोणती नोंद उघडायची हे सांगण्यापुरते धरावेत. त्यांनी ओळख पटते असे मानू नये.

ओळख पटण्यासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहायचे. पाहायचे म्हणजे हातात घेऊन पूर्ण नाव स्क्रीनवरच्या पूर्ण नावाशी आणि छायाचित्र समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहायचे. नुसते दुरून दाखवलेले पाकीट पुरत नाही. उदाहरणातील गृहस्थांचे ओळखपत्र असे पाहिले असते, तर पहिले नाव वेगळे असल्याचे कळून त्यांची त्यांनाच चूक उमगली असती आणि प्रकरण तेथेच संपले असते. अशा बहुतेक घटनांमागे कोणाचाही वाईट हेतू नसतो. पण निरागस माणसाला चुकून दार उघडून देणारी पद्धत कावेबाज माणसालाही तितक्याच सहजतेने दार उघडून देते.

विचारण्याच्या पद्धतीत एक बारीक चूक फार वेळा होते. स्क्रीनवर पाहत ‘आपण अमुक ना? आणि परवा सकाळी निघणार, बरोबर?’ असे विचारले की समोरच्याला फक्त मान डोलवावी लागते, आणि त्याला ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी आपणच त्याच्या पदरात टाकलेल्या असतात. पडताळणीची माहिती नेहमी पाहुण्याने सांगायची आणि कर्मचाऱ्याने मुकाट्याने ताडून पाहायची. उत्तर चुकले तर कोणती बाब चुकली हेही सांगू नये. ‘ही माहिती आमच्या नोंदीशी जुळत नाही’ एवढेच म्हणावे. नाहीतर तीन प्रयत्नांत बरोबर उत्तर मिळवणे अवघड नसते.

ओळखपत्रच खोलीत राहिले असेल तर

नियम मोडण्याचे सर्वांत सबळ कारण हेच असते, आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. पोहून आलेला, अंगावर टॉवेल घेतलेला पाहुणा ओळखपत्र कुठून दाखवणार? नियमात या माणसासाठी वाट ठेवलेली नसेल, तर कर्मचारी ती स्वतः काढतो आणि मग ती सर्वांसाठीच खुली होते. म्हणून दुसरी वाट लेखी ठरवून ठेवावी.

आधी नोंदीतील अशा दोन गोष्टी विचाराव्यात ज्या पाकिटावर, बिल्ल्यावर किंवा बिलावर दिसत नाहीत: नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे, घरच्या पत्त्यातील एखादा भाग, आरक्षण कोणत्या मार्गाने केले, यांसारख्या. चेक-इनच्या वेळी ओळखपत्राची प्रत कायदेशीररीत्या जपली असेल, तर त्यावरील छायाचित्र पाहावे. स्क्रीन अर्थातच पाहुण्याच्या बाजूला वळवू नये. एवढे जुळल्यावरही कार्ड हातात द्यायचे नाही. कर्मचाऱ्याने किंवा सुरक्षारक्षकाने सोबत वर जायचे, निघण्यापूर्वी खोलीत फोन करून पाहायचा, दारावर टकटक करून थांबायचे आणि आतून उत्तर आले नाही तरच दार उघडायचे. मग पाहुण्याने आत जाऊन ओळखपत्र आणून दाखवायचे, सोबतच्याने ते दार उघडे ठेवून उंबऱ्यातच पाहायचे, आणि कार्ड त्यानंतर द्यायचे. ओळखपत्र सापडले नाही, तर दोघांनीही बाहेर यायचे. टकटक केल्यावर आतून कोणी बोलले, तर बाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीचे नाव आतल्याला सांगून त्याचे उत्तर ऐकावे. आतल्याचे नाव बाहेरच्यासमोर उच्चारू नये.

रात्रपाळीत काउंटरवर एकच माणूस असतो आणि त्याला जागा सोडता येत नाही, ही खरी मर्यादा आहे. तेथे सुरक्षारक्षकाला वॉकीटॉकीवर बोलावून पाहुण्याला पाच-दहा मिनिटे लॉबीत थांबवणे एवढाच मार्ग उरतो. पाहुणा चिडतो. त्याला ‘नियमच आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘आपल्या खोलीचे कार्ड आपले नाव सांगणाऱ्या कोणालाही मिळू नये म्हणून आम्ही हे करतो’ असे सांगितले, तर बहुतेकांचा सूर बदलतो. आणि येथे वरिष्ठांना एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. पाहुण्याने आवाज चढवल्यावर मॅनेजर बाहेर येऊन ‘अरे, देऊन टाक’ म्हणत असेल, तर त्या संध्याकाळपासून त्या काउंटरवर नियम उरत नाही. कर्मचारी भिंतीवरची सूचना वाचत नाहीत, मॅनेजर काय करतो ते पाहतात.

‘मी त्यांची पत्नी आहे’, ‘मी त्यांचा भाऊ आहे’

नोंदीत नाव नसलेल्या व्यक्तीला नात्याच्या जोरावर कार्ड मिळू नये, खोलीचा क्रमांकही मिळू नये. आडनाव सारखे असणे, एकत्र काढलेले छायाचित्र मोबाइलवर दाखवणे, लग्नाचा दाखला दाखवणे, यांतून नाते सिद्ध होईल. त्या खोलीत येऊ देण्याची पाहुण्याची इच्छा सिद्ध होत नाही. घर सोडून आलेली व्यक्ती नेमकी ज्याच्यापासून दूर आली आहे, त्याच्याकडेच हे सगळे पुरावे असतात. त्यामुळे येथे सहानुभूतीने निर्णय घेण्याची मुभा कर्मचाऱ्याला देणे म्हणजे त्याच्यावरच ओझे टाकणे होय. नोंदवलेल्या पाहुण्याला आपण होऊन फोन करावा, तोही आरक्षणातील क्रमांकावर. समोरच्याने ‘हा घ्या त्यांचा नंबर’ म्हणून दिलेल्या क्रमांकावर नव्हे. हा फोनही समोरच्याच्या कानावर पडेल असा करू नये, आतल्या कचेरीतून करावा, कारण पाहुणा उचलून बोलला एवढ्यावरूनही तो येथेच असल्याचे कळते. पाहुण्याने खाली येऊन सहीनिशी नाव जोडले, तर त्या व्यक्तीचे ओळखपत्र पाहून कार्ड द्यावे.

या प्रसंगांची संख्या कमी करण्याचा उपाय चेक-इनच्या वेळीच आहे. ‘आपल्याखेरीज आणखी कोणाला या खोलीचे कार्ड द्यायचे आहे का?’ हा एक प्रश्न विचारून उत्तर नावानिशी नोंदवले, की संध्याकाळी येणाऱ्या जोडीदाराचा प्रश्न उरत नाही.

फोनवरून निसटणारी माहिती

कार्डाबाबत काटेकोर असलेले काउंटरही फोनवर सैल असते. या बाबतीत अमेरिकेतील नॅशव्हिल येथील २००८ चे प्रकरण फ्रंट डेस्कवरील प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे. दूरचित्रवाणीवरील क्रीडावार्ताहर एरिन अँड्र्यूज तेथील एका हॉटेलात उतरल्या असताना एका माणसाने शेजारची खोली मिळवली आणि दाराच्या पाहण्याच्या छिद्रात फेरफार करून त्यांचे चित्रण केले. त्याने दिलेल्या साक्षीनुसार, हॉटेलातील अंतर्गत फोनवरून त्याने त्यांच्या खोलीत जोडून देण्यास सांगितले आणि फोनच्या छोट्या पडद्यावर खोलीचा क्रमांक उमटला. मग त्याने त्यांच्या शेजारचीच खोली मागून घेतली. २०१६ मध्ये ज्यूरीने ५.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि तिच्यातील ४९ टक्के जबाबदारी हॉटेलच्या मालक व चालक कंपन्यांवर टाकली. यात कोणीही त्याच्या हातात चुकीचे कार्ड दिले नव्हते. क्रमांक एका उपकरणाने सांगितला आणि शेजारची खोली नेहमीच्या सौजन्याने दिली गेली.

यावरून तीन तपासण्या लगेच करता येतात. लॉबी, उपाहारगृह आणि जिन्याजवळच्या प्रत्येक अंतर्गत फोनवरून ऑपरेटरमार्फत एखादी रिकामी खोली जोडून घ्यावी आणि पडद्यावर काय दिसते ते पाहावे. क्रमांक दिसत असेल तर टेलिफोन यंत्रणा सांभाळणाऱ्याकडून तो बंद करून घ्यावा किंवा पडदा नसलेला फोन बसवावा. एखाद्या नाव घेतलेल्या पाहुण्याच्या शेजारची खोली कोणी मागितली, तर त्या पाहुण्याला विचारल्याखेरीज देऊ नये, आणि मागणाऱ्याला ‘तशी सोय होईलच असे नाही’ असे मोघम उत्तर द्यावे. बाहेरून फोन करणारा नुसता खोली-क्रमांक सांगत असेल, तर पाहुण्याचे पूर्ण नाव विचारावे आणि ते जुळले नाही तर फोन जोडू नये. रात्री खोलीत फोन करून ‘फ्रंट डेस्कवरून बोलतो आहे, आपले कार्ड पेमेंट झाले नाही, क्रमांक पुन्हा सांगा’ असे फसवणारे लोक ऑपरेटरकडून खोली क्रमांकानेच जोडून घेतात.

‘अमुक व्यक्ती आपल्याकडे उतरली आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर देताना एक फसगत होते. ज्या पाहुण्याने आपला मुक्काम गुप्त ठेवण्यास सांगितले आहे, त्याच्याबद्दल विचारल्यावर कर्मचारी ‘ही माहिती देता येत नाही’ असे म्हणतो, आणि जो उतरलेलाच नाही त्याच्याबद्दल ‘नाही, असे कोणी नाही’ असे मोकळेपणाने सांगतो. दोन-तीन नावे विचारून पाहणाऱ्याला या फरकातूनच उत्तर मिळते. म्हणून वाक्य सर्वांसाठी एकच असावे: ‘आमच्याकडे कोण उतरले आहे हे आम्ही सांगत नाही. आपला निरोप लिहून घेतो. ती व्यक्ती आमच्याकडे असेल तर तो पोहोचेल.’ सरसकट फोन जोडून देण्याची पद्धत असलेल्या हॉटेलात घंटा वाजली एवढ्यावरूनही मुक्काम कळतो. तेथे निदान गुप्ततेची खूण असलेल्या नोंदींचे फोन थेट न जोडता निरोप घेणे भाग आहे, आणि ती खूण ऑपरेटरच्या पडद्यावरही दिसते ना, हे तपासावे लागते. ती कित्येकदा फक्त आरक्षण विभागाच्या पडद्यावर असते.

पोलीस असल्याचे सांगून फोन आला, तरी उत्तर बदलत नाही. नाव, पद आणि कचेरी लिहून घ्यावी, त्या कचेरीचा प्रसिद्ध क्रमांक स्वतः शोधून उलट फोन करावा, आणि माहिती देण्याचा निर्णय ड्यूटी मॅनेजरने तेथील कायद्याप्रमाणे घ्यावा.

दुरुस्ती टिकते आहे की नाही

पुन्हा पुन्हा कार्ड करून देण्याचे प्रमाण जितके अधिक, तितकी पडताळणी पातळ होते. दिवसभरात चाळीस जण ‘कार्ड चालत नाही’ म्हणून येत असतील, तर एकेचाळिसाव्याचे ओळखपत्र कोणी पाहणार नाही. म्हणून कार्डे निकामी होण्याची कारणेच आधी कमी करावीत. मुक्काम वाढवताना त्याच वेळी कार्डाची मुदतही वाढवावी. दुसऱ्या व्यक्तीसाठी ‘नवे’ न करता ‘दुसरी प्रत’ करावी, नाहीतर पहिल्याचे कार्ड बंद पडते आणि तो तक्रार घेऊन येतो. घासून गुळगुळीत झालेली कार्डे वेळीच बाजूला काढावीत, आणि ज्या दारांच्या तक्रारी जास्त येतात त्यांच्या बॅटऱ्या बदलाव्यात. यातले एकही काम सुरक्षेचे म्हणून ओळखले जात नाही, पण काउंटरवरची घाई यांनीच कमी होते.

त्यानंतर चेक-इननंतर दिलेल्या प्रत्येक कार्डासाठी एक ओळीची नोंद ठेवावी: वेळ, खोली, कारण, ओळख कशी पटवली, कोणी दिले. ओळखपत्राचा क्रमांक तिच्यात उतरवून ठेवू नये, नाहीतर ही नोंदवहीच गोपनीयतेचा नवा प्रश्न होऊन बसते. रात्रीच्या ऑडिटच्या वेळी ही नोंद एन्कोडरच्या यादीशी ताडावी. एन्कोडरमध्ये आहे पण वहीत नाही असे प्रत्येक कार्ड ही विनापडताळणी दिलेली किल्ली समजावी, आणि ज्याच्या लॉगिनने ती झाली त्याला त्याच हँडओव्हरमध्ये विचारावे. येथे एक अडचण हमखास येते. पूर्ण शिफ्ट एकाच लॉगिनवर चालत असेल, तर यादी असूनही काही कळत नाही. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे करणे आणि थोडा वेळ हात थांबला की एन्कोडर आपोआप बंद होणे, या दोन गोष्टी झाल्याशिवाय ही ताडणी सुरूच करू नये, कारण सर्वांच्या नावावर आलेली चूक शेवटी कोणाचीच राहत नाही.

महिन्यातून एकदा काउंटरला अनोळखी असलेल्या, पण व्यवस्थापनाने पाठवलेल्या व्यक्तीने कार्ड मागून पाहावे. यासाठी निवडलेल्या खोलीत खरा पाहुणा नसावा. व्यवस्थापनाने एखाद्या कल्पित नावाने रिकामी खोली चेक-इन करून ठेवावी. ही मागणी निवांत दुपारी न करता चेक-आउटच्या गर्दीत किंवा शिफ्ट बदलताना करावी, आणि मागणाऱ्याने नम्रपणे बोलावे, हातात सामान असावे, खोली-क्रमांक व आडनाव बरोबर सांगावे. उद्धट माणसाला नाही म्हणणे सोपे असते. कार्ड मिळाले, तर देणाऱ्याला लगेच फैलावर घेऊ नये. त्याआधी त्या वेळी रांगेत किती जण होते, काउंटरवर किती हात होते आणि सोबत वर पाठवायला कोणी मोकळे होते का, हे लिहून काढावे. तीन महिन्यांत ही टिपणे एकाच वेळेकडे बोट दाखवू लागली, तर त्या वेळी काउंटरवर आणखी एक माणूस लागतो.